साडेपाच फूट म्हणजे किती सेंटीमीटर?

मंचेरियलमध्ये आमच्या घराच्या ओट्यावर अर्ज भरून घ्यायला माणसे येत असतात. कोणाला विमा उतरवायचा असतो, कोणाच्या मुलाला सिंगरेणीच्या खाणीत लागायचे असते, कोणाच्या मुलीला पोलिसात. नाव, जन्मतारीख, जात, पत्ता हे रकाने भराभर भरले जातात. हात थांबतो तो ‘उंची (सें.मी.)’ या रकान्याशी. आपल्याकडे उंची सांगायची ती फूट-इंचांत. सरकारी कागदाला ती हवी असते सेंटीमीटरमध्ये. मधला हिशेब पाच ओळींचासुद्धा नाही, पण तो जितक्या तऱ्हांनी चुकतो तितका दुसरा कुठलाही रकाना चुकत नाही.

मागे शेजारच्या गल्लीतला एक मुलगा शिपाई भरतीचे कागद घेऊन आला. उंचीच्या रकान्यात त्याने पेन्सिलीने १६५.१ लिहिले होते. मी विचारले, “उंची किती रे तुझी?”

“साडेपाच फूट, काका. आई नेहमी तसंच सांगते.”

“मग हा आकडा कुठून आला?”

“साडेपाच म्हणजे पाच पॉइंट पाच. पाच फूट पाच इंच. मोबाइलवर बघितलं, १६५.१ आलं.”

मोबाइलने दिलेले उत्तर बरोबर होते. पाच फूट पाच इंच म्हणजे १६५.१ सेंटीमीटरच. चूक त्याच्या एक पायरी आधी झाली होती. साडेपाच फूट म्हणजे पाच फूट आणि अर्धा फूट. फुटाचे इंच बारा, म्हणून अर्धा फूट सहा इंचांचा. साडेपाच फूट म्हणजे पाच फूट सहा इंच, आणि त्याचे होतात १६७.६४ सेंटीमीटर. एका इंचाचा, म्हणजे अडीच सेंटीमीटरचा फरक. तेलंगणात पोलीस शिपायाच्या सर्वसाधारण पुरुष उमेदवाराला किमान उंची लागते १६७.६ सेंटीमीटर. आईने सांगितलेली उंची त्या मापात बसत होती, मुलाने लिहिलेली बसत नव्हती.

ही चूक त्या मुलाची एकट्याची नाही. आमच्या गावात घरात मराठी आणि बाजारात तेलुगू चालते, आणि दोन्ही भाषांची मोडणी इथे सारखीच आहे. आपण साडेपाच म्हणतो, तेलुगू माणूस ‘ऐदुन्नर अडुगुलु’ म्हणतो; अर्थ एकच, पाच आणि अर्धा. सव्वापाच म्हटले की पाच फूट आणि पाव फूट, म्हणजे पाच फूट तीन इंच. पावणेसहा म्हणजे सहा फुटांना पाव फूट कमी, पाच फूट नऊ इंच. आजीच्या पिढीला हे सांगावे लागत नसे, कारण सोळा आण्यांचा रुपया आणि बारा इंचांचा फूट या दोन्हींत पाव, अर्धा, पाऊण हे भाग सहज पडतात. रुपयाचे १०० पैसे झाले १९५७ च्या १ एप्रिलला. त्यानंतर शाळेत शिकलेल्या माणसाच्या कानाला साडेपाच म्हटले की ५.५ ऐकू येते. इथपर्यंत ठीक. पण तो ५.५ पुन्हा ‘पाच फूट पाच इंच’ असा वाचला की घात होतो.

सगळा घोटाळा त्या टिंबाचा आहे. उंची लिहिताना आपण ५.६ असे लिहितो आणि मनात म्हणतो ‘पाच-सहा’. ते टिंब दशांशाचे नसते, नुसते दोन आकडे वेगळे ठेवणारे असते. क्रिकेट बघणाऱ्याला हे चटकन पटते. फलकावर १९.४ षटके दिसतात तेव्हा कोणी त्याला एकोणीस पूर्णांक चार दशांश षटके समजत नाही. एकोणीस षटके पूर्ण झाली आणि विसाव्यातले चार चेंडू पडले, एवढाच त्याचा अर्थ. षटक सहा चेंडूंचे, म्हणून १९.५ नंतर १९.६ न येता २० येते. उंचीचेही तसेच. ५.९ नंतर ५.१०, त्यानंतर ५.११, आणि मग ६. षटकाला सहा, फुटाला बारा, एवढाच काय तो फरक.

कॅल्क्युलेटरला मात्र हे ठाऊक नसते. त्याच्या लेखी टिंब म्हणजे दशांश. एक फूट ३०.४८ सेंटीमीटरचा असतो हे माहीत असलेला माणूस ५.६ गुणिले ३०.४८ करतो आणि त्याला १७०.६९ मिळतात. खरी उंची १६७.६४. तीन सेंटीमीटर फुकट वाढले. भरतीच्या मैदानावर प्रत्यक्ष मोजणी होते तेव्हा हे वाढीव सेंटीमीटर कुठेच सापडत नाहीत.

उलट दिशेची चूक याहून मोठी आहे, आणि ती उंच माणसांच्या वाट्याला येते. पाच फूट दहा इंच हे ५.१० असे लिहिले की कॅल्क्युलेटर शेवटचे शून्य टाकून देतो आणि ५.१ धरतो. ५.१ गुणिले ३०.४८ म्हणजे १५५.४५. खरी उंची १७७.८. माणूस कागदावर बावीस सेंटीमीटरने, जवळजवळ एक वीतभर, बुटका होतो. पाच फूट अकरा इंचवाल्याचेही असेच: ५.११ चे होतात १५५.७५ आणि खरी उंची असते १८०.३४.

असा आकडा डोळ्यांना लगेच खुपायला हवा, पण अर्ज भरणारा घाईत असतो आणि उंची दुसऱ्याची असते. विम्याच्या प्रस्ताव अर्जात उंची सेंटीमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये विचारलेले असते. ते दोन आकडे शेजारी का ठेवतात, तर त्यांवरून माणूस जाड आहे की बेताचा, हे काढता येते. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. समजा, पाच फूट दहा इंच उंचीचा माणूस पंचाहत्तर किलोचा आहे. १.७७८ चा वर्ग साधारण ३.१६, ७५ भागिले ३.१६ म्हणजे २३.७. प्रकृती ठीक. तोच माणूस १५५.४५ सेंटीमीटरचा लिहिला गेला तर भागाकार येतो ३१. तिशीच्या पुढे गेले की जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात त्याला लठ्ठ म्हणतात. धडधाकट माणसाला एका टिंबाने लठ्ठ ठरवले, आणि पुढची विचारपूस, जादा तपासण्या सगळे त्याच्या मागे लागणार.

तेव्हा पहिली गोष्ट, टिंब वापरायचेच नाही. फूट आणि इंच वेगवेगळे लिहायचे: ५ फूट ६ इंच. मग सगळ्याचे इंच करायचे. पाच बारे साठ, वर सहा, झाले सहासष्ट. सहासष्टला २.५४ ने गुणायचे, उत्तर १६७.६४. इंच करून गुणण्याच्या या वाटेत टिंबाला शिरायला जागाच उरत नाही.

हा गुणाकार तोंडी करायची एक सोपी रीत आहे. ती मी ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. इंचांना दहाने गुणा आणि चाराने भागा. सहासष्टचे सहाशे साठ, त्याचे पाव एकशे पासष्ट. हे झाले अडीचपट. पण इंच अडीच सेंटीमीटरचा नसून २.५४ चा आहे, म्हणून दर इंचामागे ०.०४ राहिले. सहासष्ट चोक दोनशे चौसष्ट, म्हणजे २.६४. एकशे पासष्टमध्ये ते मिळवा, १६७.६४. कागदावर दोन ओळी होतात.

शेवटची ही २.६४ ची पुस्ती लहान वाटते, पण बरेच लोक नेमकी तीच सोडून देतात. ‘फुटाचे तीस, इंचाचे अडीच’ असा एक ढोबळ हिशेब सगळीकडे चालतो. शाळेची पट्टी तीस सेंटीमीटरची असते आणि तिच्या दुसऱ्या काठावर बारा इंच आखलेले असतात, म्हणून फूट म्हणजे तीस असे डोक्यात पक्के बसते. नीट पाहिले तर बारा इंचांची रेघ तीसच्या रेघेपुढे जवळजवळ पाच मिलिमीटर येते. भिंतीवर खिळा ठोकायला किंवा कापड घ्यायला हा हिशेब पुरतो. पाच फुटांवर मात्र त्याने सव्वादोन सेंटीमीटरहून जास्त चूक होते, आणि ती नेहमी कमीच्या बाजूला. साडेपाच फुटांचे तो एकशे पासष्ट देतो. योगायोग असा की हे उत्तर त्या मुलाच्या पेन्सिलीतल्या १६५.१ च्या अगदी शेजारी येते. त्यामुळे एकाने चुकीच्या वाटेने काढलेला आकडा दुसऱ्याने दुसऱ्या चुकीच्या वाटेने तपासला, तर दोघांनाही वाटते की बरोबर आहे.

ज्यांना एका वेळी पुष्कळ अर्ज भरायचे असतात, शाळेचे किंवा शिकवणीचे, ते संगणकावर तक्ता करतात. तिथेही फूट आणि इंच यांना वेगवेगळे रकाने द्यावेत. एकाच रकान्यात ५.१० लिहिले तर तक्ता ५.१ दाखवतो, आणि ५-६ लिहिले तर पुष्कळदा त्याची तारीख होऊन बसते. पहिल्या रकान्यात फूट, दुसऱ्यात इंच, आणि तिसऱ्यात एवढे सूत्र:

```
=(A2*12+B2)*2.54
```

इंच हा २.५४ सेंटीमीटरचाच का, असे काही मुले विचारतात. प्रश्न चांगला आहे. पूर्वी इंग्लंडचा इंच आणि अमेरिकेचा इंच यांत अगदी सूक्ष्म का होईना, फरक होता. १९५९ च्या १ जुलैपासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी इंच बरोबर २५.४ मिलिमीटरचा ठरवून घेतला. म्हणून २.५४ च्या पुढे आणखी दशांश नाहीत. तो अंदाज नव्हे, ठरवून घेतलेले माप आहे. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ चा, आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. बाजारातून शेर-मण गेले, कोसाच्या जागी किलोमीटर आले. माणसाची उंची तेवढी फूट-इंचांतच राहिली. लग्नाच्या स्थळाच्या पत्रकात आजही ‘५ फूट ४ इंच’ असेच असते.

आता भरतीच्या आकड्यांकडे जरा बारकाईने बघा. १६७.६ हा आकडा किती विचित्र आहे! सेंटीमीटरमध्ये विचार करणाऱ्या माणसाने उंची ठरवली असती तर त्याने १६५ म्हटले असते, नाहीतर १७०. १६७.६ कोणाला सुचेल? पण पाच फूट सहा इंच म्हणजे १६७.६४, हे कळले की उलगडा होतो. तेलंगणाच्या याच नियमात छातीचे माप, श्वास पूर्ण आत घेतल्यावर, ८६.३ सेंटीमीटर मागितले आहे. चौतीस इंचांचे होतात ८६.३६. छाती फुगायला हवी पाच सेंटीमीटर, म्हणजे दोन इंचांना जेमतेम कमी. हे आकडे इंचांतून उतरलेले आहेत हे उघड दिसते. अंगावर कपडे सेंटीमीटरचे चढवले, हाड इंचाचेच राहिले.

आणि उतरवताना जे उरले किंवा तुटले त्यावर कोणाचे तरी दैव अवलंबून असते. पुरुषांच्या बाबतीत १६७.६४ मधले शेवटचे ०.४ मिलिमीटर सोडून दिले, म्हणजे नेमक्या साडेपाच फुटांचा मुलगा केसभर वरून पार होतो. आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या एजन्सी भागातल्या आदिवासी उमेदवारांना किमान १६० सेंटीमीटर लागतात. सव्वापाच फूट म्हणजे १६०.०२. तोही पार. स्त्रियांसाठीची मर्यादा मात्र १५२.५ आहे. पाच फुटांचे होतात १५२.४. नेमक्या पाच फुटांची मुलगी एका मिलिमीटरने खाली राहते! ‘पाच फूट आहे, म्हणजे चालेल’ असे घरात सगळे धरून चालतात; नियमाच्या शब्दाप्रमाणे पाच फूट चालत नाही, पाच फुटांहून किंचित जास्त लागते.

आमच्याकडच्या पुष्कळ घरांचे नातेवाईक गोदावरी-प्राणहितेच्या पलीकडे, सिरोंच्याला, नाहीतर रेल्वेने वर बल्लारपूर-चंद्रपूरकडे असतात. एका घरातल्या दोन मावसबहिणींनी दोन राज्यांचे अर्ज भरले, असे सहज घडते. दोघींची उंची पाच फूट एक इंच धरू. साठ आणि एक, एकसष्ट इंच. सहाशे दहाचे पाव १५२.५, वर २.४४, एकूण १५४.९४ सेंटीमीटर. इकडच्या बहिणीला १५२.५ पुरेत, ती दोन सेंटीमीटरहून जास्त राखून आत आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत स्त्रियांना किमान १५५ सेंटीमीटर लागतात. पलीकडची बहीण ०.०६ सेंटीमीटरने, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जास्त अंतराने, बाहेर. बोटावरच्या नखाची जाडीही त्याहून फार वेगळी नसते. पुरुषांचे तिथे उलटे आहे: महाराष्ट्राला १६५ लागतात आणि पाच फूट पाच इंचांचे १६५.१ होतात, म्हणून पाच-पाचवाला मुलगा एका मिलिमीटरने आत येतो.

मग पलीकडच्या बहिणीने अर्ज भरावा की नाही? इथे रूपांतराचा हिशेब संपतो आणि मोजण्याचा सुरू होतो. ‘पाच फूट एक इंच’ हे तिचे माप कुठून आले? शाळेत कधी तरी, भिंतीला टेकवून, जवळच्या इंचाला धरून. असे माप सांगणाऱ्या मुलीची उंची साडेसाठ इंचांपासून साडेएकसष्ट इंचांपर्यंत कुठेही असू शकते, म्हणजे सुमारे १५३.७ पासून १५६.२ पर्यंत. त्या ढोबळ मापाला २.५४ ने गुणून १५४.९४ लिहिले तरी त्यात शेवटच्या दोन दशांशांची काहीच खात्री नसते. गुणाकार चोख असतो, मूळ माप ढोबळ असते. मर्यादेच्या आसपास असलेल्या कोणीही जुन्या फूट-इंचांवर विसंबू नये. नव्याने, थेट सेंटीमीटरमध्ये मोजावे.

त्या मुलालाही मी आमच्या भिंतीपाशी उभे केले. मोजण्याची रीत सांगतो, कारण बहुतेक घरांत ती अर्धीमुर्धी होते. चपला-मोजे काढायचे. फरशी सपाट हवी आणि भिंतीला खाली पट्टी नको, नाहीतर टाचा भिंतीपासून दूर राहतात. टाचा जुळवून भिंतीला लावायच्या, ढुंगण आणि खांदे टेकवायचे. हनुवटी वर उचलायची नाही. डोळ्याची खालची कड आणि कानाचे भोक एका आडव्या रेषेत आले की डोके बरोबर ठेवले म्हणायचे. मुलींनी अंबाडा सोडून केस बसवून घ्यायचे. मग जाड पुठ्ठ्याचे पुस्तक घ्यायचे, त्याचा कणा भिंतीला सपाट लावून ते खाली आणायचे, डोक्याला टेकले की त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीने बारीक रेघ मारायची. पट्टी किंवा पोकळ हात डोक्यावर ठेवू नये, तो तिरका होतो आणि सेंटीमीटरभर फरक सहज पडतो. माणूस बाजूला झाला की जमिनीपासून रेघेपर्यंत मोजायचे.

मोजायला सुताराची स्टीलची टेप वापरावी. शिंप्याची कापडी टेप पाच फुटांच्या आसपास संपते, पुढचे जोडून मोजावे लागते, आणि वापरून वापरून ती ताणलेलीही असते. स्टीलच्या टेपवर बहुधा एका काठाला इंच आणि दुसऱ्या काठाला सेंटीमीटर असतात. ती बरोबर आहे का, हे बघायचे असेल तर पन्नास इंचांची रेघ शोधा. समोरच्या काठाला नेमके १२७ सेंटीमीटर यायला हवेत, कारण पन्नास गुणिले २.५४ म्हणजे बरोबर १२७. हे मी त्या मुलाला करून दाखवले तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो म्हणाला, “काका, मग हिशेब कशाला करायचा? दोन्ही बाजू एकाच टेपवर आहेत की!” खरेच आहे. साडेपाच फुटांच्या रेघेवर बोट ठेवा आणि समोर बघा, १६७.६ आणि त्याच्या पुढे बारीकसे. इंच पूर्ण नसतील तर सुतार-गवंडी ‘सूत’ वापरतात, आठ सुतांचा इंच. एक सूत साधारण तीन मिलिमीटरचे. “पाच फूट पाच इंच सहा सूत” असे माप कोणी सांगितले तर सहा सूत म्हणजे पाऊण इंच धरायचा, ६५.७५ ला २.५४ ने गुणायचे, १६७ सेंटीमीटर येतात. पण समोरचा काठ वाचला तर तेवढेही करावे लागत नाही.

मुलाची उंची तीनदा मोजली. १६८.१, १६८.०, पुन्हा १६८.१. आईचे साडेपाच जवळजवळ बरोबर होते, किंचित कमीच सांगत होती. अर्थात ते सकाळचे माप होते, हेही त्याला सांगावे लागले. रात्रभर आडवे पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, आणि दिवसभर उभे राहून, ओझे उचलून त्या दबतात. सकाळ ते संध्याकाळ माणसाची उंची एक ते दोन सेंटीमीटरने उतरू शकते, आणि त्यातला मोठा भाग उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच उतरतो. म्हणून मर्यादेच्या काठावर असलेल्याने संध्याकाळीही एकदा मोजून बघावे. त्याचे संध्याकाळचे माप १६७.२ आले. मोजणीचा दिवस आला की आदल्या रात्री झोप पुरी घे, पहाटे धावायला जाऊ नकोस, आणि शक्य तेवढे आडवा राहून वेळेवर जा, असे मी त्याला सांगितले. यात फसवणूक काही नाही. मैदानावर त्याची उंची यंत्रच मोजणार आहे.

राहिला प्रश्न रकान्यात काय लिहायचे याचा. काही अर्ज एक दशांश घेतात, काही फक्त पूर्ण आकडा. एक दशांश असेल तर १६७.६४ चे १६७.६ होतात. पूर्ण आकडाच चालत असेल आणि अर्जाच्या सूचनांत दुसरे काही सांगितले नसेल तर जवळचा आकडा, १६८. पुष्कळांना वाटते की १६८ लिहिणे म्हणजे उंची वाढवून सांगणे. तसे नाही, अर्ध्याच्या पुढे असेल तर वरचा आकडा घेणे हा साधा नियम आहे. चुकते ते हे की लोक आधी इंच जवळच्या आकड्याला नेतात, मग सेंटीमीटर जवळच्या आकड्याला नेतात, आणि दोन्ही वेळा वरच्याच बाजूला. पाच फूट साडेपाच इंचांचा माणूस आधी पाच-सहा होतो, मग १६८. खरा तो १६६.४ आहे. आकडा एकदाच, शेवटी, जवळचा करावा.

रकान्यात ‘मीटर’ विचारले असेल तर १.६८, ‘मिलिमीटर’ असेल तर १६७६. हे फार क्वचित दिसते, पण वाचून घ्यावे. लिहिलेला आकडा बरोबर आहे का, हे बघायची एक झटपट खूण आहे. सहा फुटांचे होतात १८३, पाच फुटांचे १५२. तुमची उंची या दोन फुटांच्या मधली असेल तर तुमचा आकडाही या दोन आकड्यांच्या मधलाच हवा, आणि जितके इंच पाचच्या वर तितका तो १५२ च्या वर, दर इंचाला अडीचने. पाच-दहाच्या माणसाच्या रकान्यात १५५ दिसले की तिथेच कळते की टिंबाने घात केला.

त्या मुलाने पेन्सिलीचे १६५.१ खोडले आणि शाईने १६८ लिहिले. जाताना त्याने आईला फोन केला आणि सांगितले की साडेपाच म्हणजे पाच-पाच नव्हे, पाच-सहा. तुमच्या घरातही कोणी ‘साडेपाच’ म्हणत असेल तर त्याचे इंच विचारून घ्या, आणि अर्ज पुढे करण्याआधी टेपची सेंटीमीटरची बाजू एकदा वाचा.